रजिस्टर लग्नाच्या दिवशी एक जुना कागद नसला तर नेमकं काय होतं?

प्रश्न: मी एक छोटी कथा लिहितेय. तरुण जोडपं, रजिस्टर लग्नाची तारीख, सगळे नटूनथटून ऑफिसात पोचलेत आणि एक जुना कागद नाही म्हणून सगळं अडतं. असा खरा कोणता कागद असू शकतो? त्या दिवशी ऑफिसात काय होतं आणि पुढे काय? मला खोटंखोटं लिहायचं नाहीये, या कामातलं कोणी सांगेल का?

उत्तर:

मी वकील आहे, रजिस्टर लग्नांची कामं बरीच वर्षं करतोय. कागद अनेक अडतात पण तुमच्या कथेला जो खरा पुरेल तो एकच, आधीच्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूमनामा. वयाचा पुरावा नसला तर त्याला पर्याय निघतो, जन्मदाखला नाही तर शाळा सोडल्याचा दाखला, तो नाही तर पासपोर्ट. पत्त्याचंही तसंच. पण मुलगी किंवा मुलगा घटस्फोटित असेल तर कोर्टाच्या कागदाला दुसरा कागद चालत नाही, तिथे रस्ताच एक आहे, म्हणून गोष्ट तिथेच घट्ट होते.

मी तुम्हाला एक प्रसंग पूर्ण सांगतो. एकाच जोडप्याचा नाहीये, तीनचार पक्षकारांच्या हकिकती एकत्र करून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून सांगतोय, पण यातली प्रत्येक पायरी खरी आहे, तारखाही कॅलेंडरप्रमाणे जुळवून घेतल्यात, तुम्ही तशाच वापरा.

मुलगी सांगलीची, मुलगा वसईचा ख्रिश्चन, दोघं पुण्यात नोकरीला. धर्म वेगळे आणि दोघांनाही बदलायचा नव्हता, म्हणून त्यांनी विशेष विवाह कायदा १९५४ चा मार्ग धरला. हे कथेत एका वाक्यात तरी येऊ द्या, कारण नाहीतर वाचक म्हणेल की मग देवळात हार घालायचे आणि नंतर नोंदणी करायची ना, एवढं काय. या दोघांना ती सोय नव्हती, त्यांचं लग्न लागणारच होतं त्या टेबलासमोर.

मुलीचं पहिलं लग्न २०१६ च्या डिसेंबरात झालेलं, बावीस वर्षांची होती, वर्षाच्या आत माहेरी आली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सांगलीच्या कोर्टात परस्पर संमतीने घटस्फोट झाला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ च्या पोटकलम ४ प्रमाणे कोर्टाने नवराबायको दोघांनाही निकालाची एकेक प्रत फुकट द्यायची असते, तशी तिला मिळालेली होती. ती प्रत आईने लोखंडी ट्रंकेत ठेवली, ट्रंक खालच्या मजल्यावर, आणि ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचा महापूर आला. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा आतल्या कागदांचा लगदा झाला होता. तेव्हा घरात इतकं काय काय गेलं होतं की घटस्फोटाच्या कागदाचं कोणाला काय पडलेलं, उलट आई म्हणाली बरं झालं, गेला एकदाचा. हे आईचं वाक्य मला खरंच एका पक्षकाराच्या आईकडून ऐकायला मिळालंय आणि त्यात किती काय आहे ते तुम्ही लेखिका म्हणून माझ्यापेक्षा जास्त जाणाल.

पुरातून वाचलं काय तर मोबाईलमधला एक फोटो. भावाला कधीतरी कामासाठी निकालाचं शेवटचं पान पाठवलेलं, ज्यावर "विवाह विच्छेदित करण्यात येत आहे" हे वाक्य, त्यातली दोघांची नावं आणि खाली न्यायाधीशांची सही एवढं दिसत होतं. त्याची प्रिंट काढून तिने नोटिशीच्या वेळी जोडली.

आता नोटीस. विशेष विवाह कायद्यात आधी विवाह अधिकाऱ्याला इच्छित विवाहाची नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला पाहिजे. नोटिशीत दोघांची सध्याची स्थिती लिहायची असते, अविवाहित की विधुर/विधवा की घटस्फोटित. तिने खरं तेच लिहिलं, घटस्फोटित. नोटीस ६ जानेवारी २०२५ ला दाखल झाली, ऑफिसच्या बोर्डावर लागली, हरकतीसाठी ३० दिवस. तेव्हा फोटोची प्रिंट घेतली गेली आणि सांगितलं गेलं की लग्नाच्या दिवशी कोर्टाची प्रमाणित प्रत दाखवावी लागेल. हे वाक्य त्या दोघांनी ऐकलं, आणि बाकीच्या गडबडीत कुठेतरी गेलं. कोण कुठली साडी नेसणार, वसईहून किती माणसं येणार, जेवण कुठे, हे सगळं ठरलं आणि हा कागद राहिला. माझ्या अनुभवात हे असंच होतं, निष्काळजीपणा नसतो तो, ज्या कागदाकडे बघायचीच इच्छा नसते तो कागद माणूस सगळ्यात शेवटी शोधतो.

फेब्रुवारीत ३० दिवस पुरे झाले, हरकत आली नाही. मुलाचा भाऊ आखातातून मार्चअखेरीस येणार म्हणून त्यांनी तारीख घेतली २४ मार्च, सोमवार.

तो दिवस आता नीट लिहितो कारण तुम्हाला तोच हवाय. ऑफिसात पहिला टप्पा टेबलावरच्या कारकुनाचा असतो, साहेबांसमोर नंतर जायचं. मूळ कागद एकेक करून मागतात आणि नोटिशीसोबतच्या झेरॉक्सशी पडताळतात. दोघांचं आधार, वयाचा दाखला, फोटो, तीन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं. मग कारकून बाई म्हणाल्या, डिक्री द्या, म्हणजे तोच हुकूमनामा. तिने प्रिंट पुढे केली. त्यांनी उलटून पाहिलं, मागे काहीच नाही. "ओरिजिनल?" तीच ओरिजिनल म्हणून ठेवलीय असं ती म्हणाली. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, यावर कोर्टाचा शिक्का नाही, नकलेची तारीख नाही, आणि बाळा, हे नाव कोणाचं?

हा दुसरा फास लक्षात घ्या, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. त्या शेवटच्या पानावर तिचं सासरचं नाव होतं, नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव. आधारवर आता माहेरचं. ती आणि ही एकच हे सांगणारा मजकूर असतो निकालाच्या पहिल्या पानावर, पक्षकारांच्या नावांत, जिथे "माहेरचे नाव अमुक" असं लिहिलेलं असतं. ते पान पुरात गेलेलं. म्हणजे तिच्याकडे होता तो कागद एका अशा बाईच्या घटस्फोटाचा होता जिचं नाव हिच्या कुठल्याच ओळखपत्रावर नव्हतं.

साहेबांकडे नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं, नाही म्हणाले. आणि तुमच्या कथेत कृपा करून साहेबाला खलनायक करू नका. कलम ४ ची पहिलीच अट आहे की दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, म्हणजे आधीचं लग्न उभं असू नये, आणि याची खात्री करण्याचं काम त्यांचं आहे. उद्या कोणी एखाद्या बाईला फसवून, पहिली बायको गावाकडे ठेवून, असाच एक फोटो घेऊन आला तर? तो नियम त्या गावाकडच्या बाईसाठी आहे. मी स्वतः तशी एक बाई पाहिलीय, म्हणून मला या नियमाचा राग येत नाही.

मग सगळे बाहेरच्या बाकावर. वसईची मंडळी जरीच्या साड्यांत, हारांच्या पिशव्या मांडीवर, आणि मुलीच्या वडिलांना कोणाच्या डोळ्यात बघवेना. मुलाच्या आईला घटस्फोटाचं माहीत होतं पण त्याच्या काकाकाकूंना नव्हतं, ते त्या बाकावर कळलं. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवशी फार काही बिघडलेलं नव्हतं हो, पण माणसांच्या दृष्टीने जे व्हायचं ते तिथेच होतं, तुमची कथा खरं तर त्या बाकावर आहे.

अशा वेळी बाहेर कोणीतरी येतोच. ओळखीचा एजंट म्हणा, काम करून देणारा म्हणा. तो दोन उपाय सांगतो. पहिला, शंभर नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर ॲफिडेव्हिट करा की माझा घटस्फोट झालाय. हे चालत नाही. स्वतःच्या घटस्फोटाचा पुरावा म्हणून स्वतःचंच शपथपत्र, त्याला काय अर्थ आहे. दुसरा जास्त धोक्याचा, नवीन नोटीस टाका आणि त्यात सरळ "अविवाहित" लिहा, कोण बघतंय. आधारवर माहेरचं नाव आहेच.

इथे मुलगा म्हणाला की करू या ना, एक महिन्याचा तर प्रश्न आहे. आणि मुलगी नाही म्हणाली. हा नकार कथेत ठेवाच. लग्नाच्या वेळी दोघांना आणि तीन साक्षीदारांना कलम ११ प्रमाणे एक घोषणापत्र सही करावं लागतं, त्याचा नमुना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत छापलेला आहे. त्यात आपण अविवाहित की घटस्फोटित हे सांगायचं आणि शेवटी असं लिहिलेलं असतं की यातलं काही खोटं असल्याचं मला माहीत असेल तर मी कैदेला आणि दंडालाही पात्र होईन हे मला ठाऊक आहे. गंमत म्हणजे तिचा घटस्फोट खरा होता, त्यामुळे "अविवाहित" लिहून लागलेलं लग्नही त्या एका कारणाने रद्दबातल झालं नसतं, घटस्फोट कोर्टाच्या निकालाने झालेला असतो, कागद भिजल्याने तो पुसला जात नाही. पण खोट्या घोषणेचा गुन्हा उरलाच असता, आणि तो कायम कोणाच्या तरी हातात राहिला असता. ती मात्र यातलं काही बोलली नाही. ती म्हणाली, ते लग्न झालं होतं, मी ते झालंच नाही असं लिहिणार नाही. आईने पुराचे आभार मानले होते आणि ही पोरगी असं म्हणत होती, यात मला जे वाटलं ते मी इथे लिहीत बसत नाही.

आता घड्याळाचा भाग, ज्याने ताण येतो. नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही तर कलम १४ प्रमाणे ती नोटीस संपते, परत नवीन नोटीस आणि परत ३० दिवस. ६ जानेवारीची नोटीस म्हणजे ६ एप्रिल. त्या वर्षी ६ एप्रिल रविवार आणि वर रामनवमी. शनिवारी सरकारी ऑफिस बंद. म्हणजे खरी शेवटची तारीख शुक्रवार ४ एप्रिल. मधे ३० मार्चला पाडवा, तो रविवारी आला म्हणून वाचला, ३१ ला ईदची सुट्टी. आणि भाऊ ५ ला परत जाणार.

त्याच रात्री मुलगी सांगलीला निघाली, एकटी. मुलगा येतो म्हणाला, तिने नको सांगितलं. आता प्रमाणित प्रत कशी मिळते ते सांगतो. कोर्टात नक्कल विभाग असतो, तिथे नकलेचा अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, प्रकरणाचा नंबर, पक्षकारांची नावं, निकालाची तारीख, आणि नेमकं काय हवंय ते. इथे दोन गोष्टी मागायच्या, निकालपत्र आणि हुकूमनामा, कारण हे दोन वेगळे कागद असतात आणि बरेच जण एकच मागून परत येतात. प्रकरणात पक्षकार असाल तर स्वतः अर्ज करता येतो, वकील हवाच असं नाही. अडचण नंबरची होती. तिला तो आठवत नव्हता, फोटोतल्या पानावर नव्हता, तोही पहिल्या पानावर असतो. ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा, कोर्ट, वर्ष आणि पक्षकाराचं नाव टाकून शोधता येतं. तिने स्वतःचं माहेरचं नाव टाकलं, काही नाही. मग स्टँडवर बसून तिने ते जुनं नाव टाईप केलं, सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि एक ओळ आली, प्रकरण निकाली. निकाल वाचायला उघडत नव्हता, घरगुती प्रकरणांत बरेचदा नसतो, पण नंबर मिळाला आणि नंबर मिळाला की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं रेकॉर्ड रूमचं. निकाली प्रकरणाची फाईल कोर्टात राहत नाही, रेकॉर्डला जाते, तिथून ती काढून नक्कल विभागात यावी लागते, मग झेरॉक्स, मग पडताळणी, मग शिक्का. तातडीचा अर्ज करता येतो, जादा फी लागते, पण तातडी ही नक्कल करण्याची, फाईल सापडण्याची नाही. फाईल बस्त्यात कुठे आहे यावर सगळं. २५ मार्चला अर्ज दिला. तिला सांगितलं फाईल आली की कळवतो, दोन दिवसांनी या.

या दोन दिवसांत एक दुसरा रस्ता होता आणि तो मी तिला फोनवर सांगितला. कोर्टाने प्रत दोघांनाही दिलेली असते. म्हणजे पहिल्या नवऱ्याकडे तशीच प्रमाणित प्रत असणार, आणि ती चालते, प्रमाणित प्रत कोणी काढली याने फरक पडत नाही, त्यावर कोर्टाचा शिक्का आणि सही असली की झालं. तिने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, नको असं नाही, पण आधी माझ्या नावावर मिळते का बघते. तुमच्या कथेत तिने तो फोन करावा की नाही हे तुम्ही ठरवा, दोन्ही खरं वाटेल. प्रत्यक्षात मी दोन्ही पाहिलंय, एका पक्षकाराच्या पहिल्या नवऱ्याने ती प्रत कुरियरने दुसऱ्या दिवशी पोचती केली होती, वर एक शब्द न लिहिता.

फाईल २८ ला सापडली. मधे सुट्ट्या. बुधवारी २ एप्रिलला दुपारी तिच्या हातात नक्कल आली. प्रमाणित प्रत कशी ओळखायची तेही लिहून ठेवा, वर्णनाला कामाला येईल. पानापानावर कोर्टाचा गोल शिक्का, "खरी नक्कल" असा शेरा, आणि शेवटी एक छोटा तक्ता, अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, आणि खाली नक्कल विभागाच्या अधिकाऱ्याची सही. नुसत्या झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून आणतात लोक, ती प्रमाणित प्रत नव्हे. पहिल्या पानावर अर्जदार क्रमांक दोनच्या नावापुढे तिचं माहेरचं नाव होतं, ज्याच्यासाठी सगळं अडलं होतं.

गुरुवार ३ एप्रिलला लग्न लागलं. वसईची सगळी मंडळी परत आली नाहीत, तीन साक्षीदारांतला एक मित्र बाहेरगावी गेला होता, त्याच्या जागी त्याच काकांनी सही केली ज्यांना बाकावर कळलं होतं. साक्षीदार ऐनवेळी बदलला तरी फार अडत नाही, घोषणापत्रावर सही त्या दिवशीच करायची असते, फक्त ओळखपत्र बरोबर हवं. दोघांनी साहेबांसमोर आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारतो असं म्हणायचं, हे वाक्य कायद्यातच आहे, दोघांना समजेल त्या भाषेत म्हणता येतं. त्यांनी मराठीत म्हटलं. मग विवाह प्रमाणपत्राच्या पुस्तकात दोघांच्या आणि तिघा साक्षीदारांच्या सह्या.

तुम्ही विचारलंय पुढे काय. तुमच्या कथेत फाईल वेळेत सापडली नाही तर काय, हेही सांगतो, कारण तो शेवटही तितकाच खरा आहे. दंड नाही, शिक्षा नाही, काळ्या यादीत नाव नाही. नोटीस संपते, दुसऱ्या दिवशी नवीन नोटीस देता येते, परत बोर्डावर नावं लागतात आणि परत ३० दिवस. गेलेला भाऊ परत येत नाही, हॉलचे पैसे जातात, आणि बोर्डावर तुमचं नाव अजून एक महिना राहतं, आंतरधर्मीय जोडप्याला हा शेवटचा भाग सगळ्यात जड जातो. घरचे विरोधात असतील तर तो महिना भीतीचा असतो. यांच्या घरचे सोबत होते म्हणून हे निभावलं. तुमच्या जोडप्याच्या घरचे कसे आहेत ते तुम्ही आधी ठरवा, मगच ठरेल की कथेत फाईल सापडणं किती गरजेचं आहे.

एक तांत्रिक गोष्ट, नाहीतर कोणी वकील वाचेल आणि पकडेल. घटस्फोट अगदी ताजा दाखवू नका. निकाल वादातून झालेला असेल तर अपिलाची मुदत जावी लागते, हिंदू विवाह कायद्यात ती ९० दिवस आहे, आणि अधिकारी अपील झालेलं नाही याचीही विचारणा करू शकतात. निकाल जुना आणि परस्पर संमतीचा ठेवलात की हा धागा येत नाही आणि गोष्ट त्या एका कागदावरच राहते. आणि गावाकडे पंचांसमोर स्टॅम्पवर केलेली फारकत दाखवणार असाल तर ती वेगळी कथा आहे, तिथे कागद हरवलेला नसतो, कोर्टाचा कागद कधी झालेलाच नसतो, आणि ते दहा दिवसांत सुटत नाही. त्यासाठी आधी कोर्टात जावं लागतं.